ध्रुवपद परत येतं तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी गाणी लिहिणारा माणूस. गाणं लिहून झालं, चाल लागली, कुणी गायलं, की माझं काम संपलं असं मी तीस वर्षं समजत आलो. गेल्या वर्षी एका मित्राची मुलगी घरी आली. ॲनिमेशनचं शिक्षण घेऊन ती आणि तिचा एक जोडीदार मिळून काम करतात. ती म्हणाली, "काका, तुमच्या पिंजाऱ्याच्या गाण्यावर आम्हाला चित्रगीत करायचंय. पण आधी तुम्ही आमच्याबरोबर गाण्याचा नकाशा काढायला बसा." गाण्याचा नकाशा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. ते शिकायला मला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत माझ्या स्वतःच्या गाण्याबद्दल मला दोन-तीन गोष्टी नव्यानं कळल्या. त्याच आज सांगतो.

गाणं माझ्या अब्बांवर आहे. ते कापूस पिंजायचे. खांद्यावर पिंजण घेऊन थंडीच्या दिवसांत गावोगाव फिरायचे, लोकांच्या जुन्या गाद्या-रजया उसवून आतला दबलेला कापूस पुन्हा मोकळा करून द्यायचे. त्या पिंजणीच्या तांतीचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना तो विसरता येत नाही. माझ्या गाण्याचं ध्रुवपद साधंच आहे:

धुन धुन धुनकी, पिंजला कापूस
घरात उतरलं आभाळ

मी पहिल्या बैठकीला मोठ्या तयारीनं गेलो. वहीत प्रत्येक ओळीसमोर एकेक चित्र लिहून नेलं होतं. ओळीत बैलगाडी आली की बैलगाडी, चूल आली की चूल, आभाळ म्हटलं की निळं आभाळ आणि त्यात ढग. तिनं वही वाचली आणि विचारलं, "काका, हे गाणं आहे की बालवाडीतला तक्ता?"

राग आला, खोटं कशाला बोलू! पण तिचं म्हणणं असं होतं, की कानानं जे ऐकलं तेच डोळ्यानं पाहिलं तर दोन्हींतलं एक फुकट जातं. शब्द "आभाळ" म्हणत असताना चित्रात फक्त कापूस वर उडू दे, आभाळ ऐकणारा आपल्या मनात आणील. खरं आभाळ तिथं काढायचं, जिथं शब्द गप्प आहेत. हे कवितेचंच तत्त्व आहे आणि मी ते तरुणांना सांगत हिंडतो. चित्राची वही हातात आल्यावर मात्र मी ते साफ विसरलो होतो.

मग नकाशा. चाल दादऱ्यात होती, सहा मात्रांचं आवर्तन. मी पेटीवर गाऊन तिला एक कच्चं ध्वनिमुद्रण दिलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो शब्दांचा नव्हता, लयीचा होता: मिनिटाला किती मात्रा? आपल्याकडचं दूरदर्शनचं चित्र सेकंदाला २५ चौकटींचं. मिनिटाला १२५ मात्रा ठेवल्या, तर एक मात्रा बरोबर १२ चौकटींची होते आणि एक आवर्तन ७२ चौकटींचं. लय तिनं मुद्दाम अशी मागितली. बारा हा आकडा ॲनिमेशनवाल्यांच्या फार सोयीचा, कारण त्याचे दोन, तीन, चार असे कसेही सारखे भाग पडतात. आणि साधारण चालीनं चालणारा माणूस एक पाऊल टाकायला जवळजवळ तेवढाच वेळ घेतो. म्हणजे माझे अब्बा आपोआप मात्रेवर पाऊल टाकत चालणार होते.

ही युक्ती नवी नाही. १९२८ साली वॉल्ट डिस्ने यांच्या 'स्टीमबोट विली'च्या वेळी विल्फ्रेड जॅक्सन यांनी लयमापक यंत्र समोर ठेवून, किती चौकटींना एक ठोका हे आधी ठरवून, संगीत आणि चित्र यांचा एकच तक्ता बनवला होता. आमचा तक्ता त्याच कुळातला, फक्त आवर्तनांत मोजलेला. सुरुवातीला नुसती तांत, तीन आवर्तनं. मग ध्रुवपद आठ. मग सुरावटीचा तुकडा चार, पहिला अंतरा बारा. पुन्हा ध्रुवपद आठ, तुकडा चार, दुसरा अंतरा बारा. मग ध्रुवपद अर्धंच, चार. त्यानंतर ब्रिज आठ, शेवटचं ध्रुवपद आठ, आणि विरत जाणारा शेवट चार. बेरीज पंचाहत्तर आवर्तनं, म्हणजे तीन मिनिटं छत्तीस सेकंद.

ब्रिज हा शब्द आपल्या जुन्या भावगीतांत नाही. संगीत संयोजक तो सर्रास वापरतात. ध्रुवपद परत परत येतं, अंतऱ्याची चाल दोन-तीनदा येते. ब्रिज एकदाच येतो आणि त्याची चाल दोघांसारखी नसते. गाणं आता नेहमीच्या वाटेनं घरी येणार असं वाटत असतानाच तो तुम्हाला भलत्याच बोळात नेतो आणि मग ध्रुवपदाच्या दारात आणून सोडतो. त्यामुळे शेवटचं ध्रुवपद तेच असूनही तेच राहत नाही.

आणखी एक फरक तिनं दाखवला. इंग्रजी गाणी बहुधा कडव्यानं सुरू होतात. गोष्ट आधी, पालुपद नंतर. आपलं गाणं ध्रुवपदानंच सुरू होतं. म्हणजे ध्रुवपदाचं चित्र पहिल्यांदा दिसतं तेव्हा पाहणाऱ्याला काहीच माहीत नसतं. म्हणून पहिल्या वेळी ते चित्र अगदी साधं, एका नजरेत कळणारं हवं: डावीकडे बसलेला माणूस, पिंजण, उजवीकडे उघडं दार, मधे वर उडणारा कापूस. एवढंच. आणि पुढे दर वेळी जागा तीच, कोन तोच, दार तिथंच. बदलायची ती एकच गोष्ट. दोन बदलल्या तर डोळ्याला वाटतं, हा नवाच प्रसंग आहे, आणि परत आल्याची ओळखच पटत नाही.

हे समजावं म्हणून तिनं माझ्या खोलीत कपडे वाळवायची दोरी बांधली आणि चित्रांची कार्डं चिमट्यांनी लावली. पण एका रांगेत नाही. चारही ध्रुवपदांची कार्डं एकाखाली एक येतील अशी, जशी कविता छापताना पालुपद दर वेळी त्याच जागी येतं. आडवं वाचलं की गोष्ट, उभं वाचलं की ध्रुवपदाचा प्रवास. उभं वाचताना लगेच कळलं, की माझ्या मूळ वहीत चार ध्रुवपदांची चार वेगळी चित्रं होती, एकमेकांशी काही संबंध नसलेली. शिवाय ती दोघंच काढणारी. पूर्ण गाण्याच्या ५४०० चौकटी. एक चित्र दोन चौकटी ठेवायचं म्हटलं तरी २७०० चित्रं. दोघांची मिळून दिवसाला वीस पक्की चित्रं व्हायची आणि हाताशी महिने होते तीन. पिंजण्याची क्रिया अर्ध्या आवर्तनात पुरी होते, त्यामुळे अठरा चित्रांची एक फेरी काढली की ती चारही ध्रुवपदांत फिरवता येते. अशा फेऱ्या धरून नवी चित्रं अकराशेच्या आसपास उरली. म्हणजे पुनरावृत्ती आम्हाला अर्थासाठी हवी होती तशी हिशेबासाठीही हवी होती.

अंतऱ्यांचा नियम उलटा. ध्रुवपद जागेवर थांबतं, अंतरा चालतो. पहिल्या अंतऱ्यात अब्बा डावीकडून उजवीकडे चालतात, मागं गावं सरकतात, मात्रेला एक पाऊल. दुसऱ्या अंतऱ्यात बाजारात कापूस पिंजायचं यंत्र आलेलं आहे आणि अब्बा उजवीकडून डावीकडे परत येतात, पण दोन मात्रांना एक पाऊल. गाण्याची लय तसूभरही बदलत नाही. तालाच्या तुलनेत माणूस मंदावतो. मी त्या कडव्यात "थकले पाय" असे शब्द घातले होते. तिनं ते गाळायला सांगितले नाहीत, पण पावलं पाहिल्यावर मीच बदलले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सगळी कार्डं ध्वनिमुद्रणावर वेळेप्रमाणे बसवून एक कच्चा चित्रपट तयार होतो, त्याला ॲनिमॅटिक म्हणतात. चित्रं हलत नाहीत, नुसती वेळेवर बदलतात. तो मी अम्मीला दाखवला. ऐंशीच्या पुढे आहे ती. चश्मा पुसून तिनं दोनदा पाहिला आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "इनके भवां काले कैसे? रुई उडती तो भवांपे बैठती ना."

मी थक्क झालो. खरंच की! कापूस पिंजताना तंतू उडून अब्बांच्या भुवयांवर, मिशांवर बसायचे. संध्याकाळपर्यंत ते पांढरेशुभ्र म्हातारे दिसायचे. मग अंगणातल्या नळावर तोंड धुतलं की पुन्हा काळ्या भुवयांचे तरुण. आम्ही पोरं तो रोजचा चमत्कार बघायला नळाशी उभे राहायचो. आणि मी त्यांच्यावर अख्खं गाणं लिहिलं, त्यात भुवया नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी हे तिला फोनवर सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "काका, आपल्याला हवी होती ती एक गोष्ट हीच."

नकाशा पुन्हा मांडला. पहिल्या ध्रुवपदात आठ आवर्तनांत काळ्या भुवया हळूहळू पांढऱ्या होतात. त्यामागच्या सुरावटीच्या तुकड्यात, जिथं शब्द नाहीत, अब्बा नळावर तोंड धुतात, भुवया काळ्या. दुसरं ध्रुवपद, पुन्हा पांढऱ्या. दुसरा तुकडा, पुन्हा नळ. भुवया काळ्या, फक्त कडेला दोन-चार केस तसेच राहिलेले. कुणाच्या लक्षात येईल, न येईल. अर्ध्या ध्रुवपदात कापूस कमी, पिंजणं सावकाश. आणि ब्रिजमध्ये नळ तिसऱ्यांदा येतो. अब्बा तोंड धुतात, पाणी वाहतं, आणि भुवया पांढऱ्याच राहतात.

हे काम करतं ते पहिले दोन नळ पाहिलेले असतात म्हणून. एकदाच दाखवलं असतं तर पांढऱ्या भुवयांचा माणूस तोंड धुतोय, एवढंच. पहिल्यांदा पाहणारा ती गोष्ट पाहतो, दुसऱ्यांदा ती ओळखतो, आणि तिसऱ्या वेळी ती होणार म्हणून वाट पाहत असतो, तेव्हा ती होत नाही. दोनदा होऊ दिल्याशिवाय तिसऱ्यांदा मोडता येत नाही. चारदा होऊ दिली असती तर मात्र कंटाळा आला असता. आम्ही ते करूनही पाहिलं, मधे आणखी एक नळ घालून. तिसऱ्या नळापर्यंत पाहणाऱ्याचं लक्ष उडालेलं असायचं. कसं कळलं? तिचा जोडीदार माणसं बोलावून दाखवायचा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्या डोळ्यांकडे बघायचा.

ब्रिजला माझ्या चार ओळी होत्या. त्यांतल्या शेवटच्या दोन म्हातारपणावर, आणि मला त्या गाण्यातल्या सगळ्यांत चांगल्या वाटत होत्या. तिनं काही म्हटलं नाही. फक्त ॲनिमॅटिक एकदा ओळींसह लावला आणि एकदा त्या दोन ओळींच्या जागी नुसतं गुणगुणणं ठेवून. पहिल्यात मी माझे शब्द ऐकत होतो. दुसऱ्यात मी अब्बांकडे बघत होतो. ओळी काढल्या. वहीत आहेत अजून. शब्द संपल्यावर उरलेल्या चार आवर्तनांत कापूस पहिल्यांदाच खोलीबाहेर जातो, दारातून वर, आणि आभाळ होतो. पहिल्या बैठकीत मागे ठेवलेलं निळं आभाळ ते इथं आलं. सबंध गाण्यात चित्राचा कोन हलतो तो एवढ्याच जागी.

हे सगळं पक्कं ध्वनिमुद्रण होण्याआधी ठरलं, म्हणून ओळी काढता आल्या. नंतर घोटाळा झालाच. पक्कं गाणं एका संगीत संयोजकानं करून दिलं. गाणं सुंदर झालं होतं. चित्रं चढवली, पहिलं ध्रुवपद चोख. दुसऱ्यात काहीतरी बोचायला लागलं. चौथ्यात पिंजणीचा ठोका एकीकडे आणि ढोलकी दुसरीकडे. तिनं मोजलं, तर लय मिनिटाला १२५ ऐवजी १२४ घेतली होती, "गाण्याला जरा श्वास मिळावा" म्हणून. एका मात्रेचा फरक! कानाला कळतही नाही. पण दर आवर्तनाला अर्ध्या चौकटीहून थोडं अधिक असं चित्र पुढे सरकत जातं, आणि वीस आवर्तनांत जवळजवळ अख्खी मात्रा चुकते. सुरुवात बरोबर आणि पुढे पुढे बिघाड वाढत जाणारा असला, की समजावं दोष लयीत आहे. सगळीकडे सारखीच चूक असली, तर दोष फक्त आरंभाच्या जागेचा.

पुन्हा गाऊन घ्यायला पैसे नव्हते. इतका लहान फरक संगणकावर, सूर न बदलता, गाणं किंचित आखडून भरून काढता येतो, तसं केलं. पण दुसऱ्या तुकड्यात बासरीवाल्यानं कानात ठोका न घेता, मोकळं वाजवलं होतं. तिथं ही युक्ती चालेना. सुदैवानं तिथं नळ होता, आणि पाण्याला मात्रा लागत नाही. ते चित्रच थोडं लांबवलं. मी मात्र तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो: लयीचा आकडा कागदावर लिहून संयोजकाच्या हातात द्या, आणि वाजवणाऱ्यांच्या कानात ठोका चालू आहे ना ते पाहा.

ठोक्यावरून आठवलं. पिंजणीवर पडणारा दस्ता नेमका मात्रेच्या चौकटीवर काढला, तर पाहताना उशिरा पडल्यासारखा वाटतो. तो दोन चौकटी आधी काढला की डोळ्याला आणि कानाला एकदम वाटतो. तबला-ढोलकी वाजवताना पाहणाऱ्यांनी यामागचं कारण शोधावं. मी फक्त सांगतो, की आमच्या अठराही चित्रांची फेरी दोन चौकटी मागे ओढल्यावर पहिल्यांदा अब्बा खरोखर पिंजतायत असं मला वाटलं.

शेवटच्या ध्रुवपदाबद्दल आमचं भांडण झालं. तीच खोली, तोच कोन, तेच दार. डावीकडची जागा रिकामी, पिंजण भिंतीवर टांगलेली. मला वाटत होतं, तिथं मुलगा, म्हणजे मी, उभा असावा. ती म्हणाली, एक बदल, काका. रिकामी जागा हाच बदल. मग मी म्हटलं, निदान तांत तरी हलू दे. ती तिला पटली. तांत पहिल्या आणि चौथ्या मात्रेला थरथरते, दस्त्याशिवाय, माणसाशिवाय, आणि कापूस वर उडत राहतो. थरथर किती दिसावी यावर दोन दिवस गेले. जास्त झाली की भुताटकी वाटायची. कमी झाली की कुणाला दिसायचीच नाही. अखेर फक्त पहिल्या आणि शेवटच्या आवर्तनात ती स्पष्ट ठेवली आणि मधे अगदी पुसट.

शेवटच्या चार आवर्तनांत तांत थांबते आणि अंगणातला नळ दिसतो. दर आवर्तनाच्या समेवर एक थेंब. चार थेंब, आणि काळोख.

चित्रगीत पुरं झाल्यावर अम्मीला दाखवलं. यावेळी एकदाच पाहिलं तिनं. भुवयांबद्दल काही बोलली नाही. शेवटी थेंब पडायला लागले तेव्हा मला म्हणाली, "उस बच्ची को बोल, नल ठीक से बंद करे. तेरे अब्बा खुला नहीं छोडते थे."

मी तिला फोन केला. आता शेवटचा थेंब पडत नाही. तिसऱ्या थेंबानंतर नळ बंद आहे.